गोष्ट संपल्यावर काय विचारायचं? आठवणीच्या प्रश्नांपासून तर्काच्या प्रश्नांपर्यंत

बालवाडीत चित्रांची गोष्ट वाचून संपली की बहुतेक ठिकाणी तेच तीन प्रश्न येतात. गोष्टीत कोण कोण होतं? काय काय झालं? यातून आपण काय शिकलो? पहिल्या दोन प्रश्नांना सगळा गट एका सुरात उत्तर देतो. तिसऱ्याला दोन-चार मुलं पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवतात आणि पुस्तक मिटलं जातं. गोष्टीत सांगितलेलं नाही, पण चित्रं आणि शब्द जोडले तर कळतं, असं जे असतं ते मुलांनी स्वतः ताडण्याची संधी मधल्या मध्ये निसटते.

ही संधी कशी साधायची ते इथे टप्प्याटप्प्यानं मांडलं आहे. बालवाडीत, अंगणवाडीत किंवा केजीच्या वर्गात नुकत्याच रुजू झालेल्या ताईंसाठी हे लिहिलं आहे, आणि घरी मुलाला मांडीवर घेऊन वाचणाऱ्या आईबाबांनाही ते वापरता येईल. मुलं चार ते सहा वर्षांची धरली आहेत.

आधी पुस्तक पारखा

सगळ्याच पुस्तकांवर तर्काचे प्रश्न विचारता येत नाहीत. "ससा पळाला" असं वाक्य आहे, चित्रात पळणारा ससा आहे आणि पुढच्या पानावर "कारण त्याला कोल्ह्याची भीती वाटली" असंही छापलं आहे, तर ताडायला उरलंच काय? अशा पुस्तकावर कितीही प्रश्न विचारले तरी ते आठवणीचेच राहतात.

पारखायची रीत सोपी आहे. पुस्तक एकदा चित्रं हातानं झाकून नुसतं वाचा. मग शब्द न वाचता नुसती चित्रं बघा. दोन्ही वेळा अगदी एकच गोष्ट हाती आली तर ते पुस्तक आज बाजूला ठेवा. चित्रात असं काही दिसलं जे शब्द बोलत नाहीत, किंवा शब्दांत असं काही सापडलं जे चित्रात नाही, तर तिथे जागा आहे. दहा-बारा पानं आणि पानावर एक-दोन वाक्यं एवढा आवाका पुरे. त्याहून लांब गोष्टीत शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीचं पान मुलांच्या मनातून पुसट झालेलं असतं. मग आपण जे "मुलांना ताडता येत नाही" असं समजतो, ते खरं तर "मुलांना आठवत नाही" असं असतं.

पुढचं सगळं एका नमुना गोष्टीवर करून दाखवतो. ती याच कामासाठी रचलेली आहे. पानं दहा.

पहिल्या पानावर शब्द आहेत, "आज आजी गावाला निघाली." चित्रात आजी पिशवी भरते आहे, तारा दाराशी ओठ मुडपून उभी आहे. दुसऱ्या पानावर, "पिशवीत लाडवांचा डबा ठेवला." चित्रात मागे खिडकीच्या कट्ट्यावर आजीचा चष्मा आहे. तिसरं पान, "आजी पातळ बदलायला आत गेली." चित्रात खिडकीचा कट्टा रिकामा, तारा खिडकीपाशी आणि तिचा एक हात फ्रॉकच्या खिशात. चौथं पान, "अगं बाई, माझा चष्मा कुठे गेला?" पाचवं, "बाबांनी कॉटखाली पाहिलं. आईनं उशा उचलून पाहिल्या." चित्रात सगळे शोधत आहेत, तारा मात्र पाटावर बसली आहे, हात अजून खिशातच. सहावं, "चष्म्याशिवाय मला एसटीची पाटी कशी दिसणार?" सातव्या पानावर शब्दच नाहीत. आजी हताश होऊन कॉटवर बसली आहे आणि दाराआडून बघणाऱ्या ताराच्या डोळ्यांत पाणी आहे. आठवं, "तारा आजीजवळ जाऊन बसली." चित्रात तारानं मूठ पुढे केली आहे. नववं, "आजीनं चष्मा घातला आणि ताराला जवळ घेतलं." दहावं, "संध्याकाळी पिशवी रिकामी झाली." चित्रात खुंटीवर घडी घातलेली पिशवी आणि लाडू खाणाऱ्या दोघी.

चष्मा तारानं लपवला, हे वाक्य कुठेच नाही. का लपवला, तेही नाही. आजी शेवटी गेली की राहिली, तेही नाही. या तीन मोकळ्या जागा.

शेवटचा प्रश्न आधी लिहा

नवीन माणूस प्रश्न काढायला बसला की पहिल्या पानापासून सुरुवात करतो. आजी काय करत होती? पिशवीत काय ठेवलं? पातळ बदलायला कोण गेलं? बघता बघता पंधरा प्रश्न होतात. त्यातले निम्मे कुठेच नेत नाहीत आणि तर्काच्या प्रश्नापर्यंत पोचेतो मुलं चुळबुळ करायला लागतात.

तयारी उलटी करा. पुस्तकातली एकच मोकळी जागा निवडा आणि तिच्यावरचा प्रश्न आधी लिहा. आपल्या गोष्टीत तो असा: "तारानं चष्मा का लपवला?" आता स्वतःला विचारा, याचं उत्तर द्यायला मुलाच्या हाताशी काय काय असायला हवं? आजी गावाला निघाली होती, हे. चष्मा नसेल तर तिला एसटीची पाटी दिसणार नाही, हे. चष्मा ताराच्या खिशात होता, हे. आणि आजी जाणार म्हणून ताराला वाईट वाटत होतं, हे.

या चारांतले पहिले दोन शब्दांत सांगितलेले आहेत, म्हणजे त्यावर आठवणीचे प्रश्न होतील. तिसरा दोन चित्रं जोडून कळतो, त्यावर जोडणीचा प्रश्न. चौथा ताराच्या चेहऱ्यावरून कळतो, तो छोटा तर्क. आणि सगळे हाती आले की मोठा तर्क. पायऱ्या अशा वरून खाली काढायच्या आणि वर्गात खालून वर चढायच्या. लाडू कशात ठेवले होते, हा प्रश्न आजच्या वाटेवर कुठेच येत नाही, म्हणून तो आज विचारायचा नाही.

एका बैठकीला सहा-सात प्रश्न भरपूर झाले. ते लहान चिठ्ठ्यांवर लिहून त्या त्या पानाच्या मागच्या बाजूला चिकटवा, म्हणजे पुस्तक मुलांकडे धरलेलं असताना प्रश्न तुमच्या समोर राहतो. ऐन वेळी सुचलेला प्रश्न बहुधा आठवणीचाच निघतो, कारण तोच सुचायला सोपा असतो.

पहिलं वाचन मोडू नका

गोष्ट पहिल्यांदा वाचताना शक्यतो थांबू नका. पानागणिक प्रश्न विचारले तर मुलं प्रश्नांची उत्तरं देत राहतात आणि गोष्टीचा धागा सुटतो. फार तर एक जागा ठेवा. इथे ती सातवं, बिनशब्दांचं पान. तिथे प्रश्नसुद्धा नको, नुसतं पुस्तक अर्धा मिनिट सगळ्यांकडे फिरवून धरा.

चित्र दिसतं आहे का, हे मात्र आधी बघा. मूठ, खिसा, डोळ्यांतलं पाणी या गोष्टी लहान असतात. तीस मुलांच्या गटात मागच्या रांगेला त्या दिसत नाहीत, आणि ज्याला पुरावा दिसलाच नाही ते मूल काय ताडणार? दहा ते पंधरा मुलं अर्धगोलात, पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, असं बसवा. मुलं जास्त असतील तर दोन गट करून दोनदा वाचा. दुसरा गट तोवर मदतनीसताईंबरोबर मणी ओवत किंवा रंगवत बसू शकतो.

खालून वर चढताना

गोष्ट संपली. पुस्तक मिटू नका. नेमकं कुठे बोट ठेवायचं हे मुलांना माहीत असलं की ती बोलतात, म्हणून पानं उलटत प्रश्न विचारा.

सुरुवात शब्दांत ऐकलेल्या गोष्टीनं करा. "आजी कुठे निघाली होती?" हा सोपा प्रश्न ज्या मुलांना एरवी बोलायची वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी ठेवा. तीन-चार शब्दांत उत्तर येतं आणि मूल संभाषणात शिरतं. मग सहावं पान काढून, "चष्मा नसला तर आजीला काय दिसणार नाही?" हाही आठवणीचाच प्रश्न, पण मोठ्या तर्काचा अर्धा भार त्याच्यावर आहे, म्हणून उत्तर आलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणा: "बरोबर, एसटीची पाटी दिसणार नाही. मग आजी कुठल्या गाडीत बसेल ते तिला कळेल का?" ज्या मुलांनी एसटीची पाटी पाहिलेलीच नाही, शहरातली किंवा परदेशात वाढणारी, त्यांना हे वाचनाआधीच एका वाक्यात सांगून ठेवा. जगाची माहिती नसल्यामुळे अडलेलं मूल तर्कात कच्चं आहे असा समज व्हायला नको.

आता जोडणी. दुसरं आणि तिसरं पान आळीपाळीनं दाखवा. "या चित्रात खिडकीत काय आहे? आणि या चित्रात?" मुलं ओरडतात, "चष्मा गेला!" मग विचारा, "तेव्हा खिडकीपाशी कोण होतं?" आणि लगेच पाचवं पान, "सगळे शोधताहेत. तारा काय करते आहे? तिचा हात कुठे आहे?" या टप्प्यावर एखादं मूल आपणहून म्हणेल, "तिच्याच खिशात आहे!" म्हणालं तर तिथेच थांबा आणि विचारा, "तुला कशावरून वाटलं? बोट ठेवून दाखव." हे बोट ठेवणं फार कामाचं आहे. पाच वर्षांच्या मुलाला कारण वाक्यात मांडणं अनेकदा जड जातं, पण पुरावा दाखवता येतो. एकानं बोट ठेवलं की ज्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं त्यांनाही ते दिसतं.

मग मनातलं. सातवं पान. "ताराला आत्ता कसं वाटतंय?" बहुतेक मुलं "रडू येतंय" म्हणतील. रडू दिसतं, त्यामागची भावना ताडावी लागते, म्हणून आणखी एक पायरी: "रडू येतंय. म्हणजे तिला काय वाटत असेल?" इथे वेगवेगळी उत्तरं येऊ द्या. "आजी जाणार म्हणून वाईट वाटतंय," "आजी रागवेल म्हणून भीती वाटतेय," "आजीला त्रास झाला म्हणून." तिन्ही चित्रात बसतात. तिन्ही बरोबर आहेत, आणि तसं मुलांना सांगा.

आता शेवटचा प्रश्न. "मग तारानं चष्मा खिशात का ठेवला असेल?" आणि गप्प राहा.

थांबणं

अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेनं शिक्षकांच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं. ही थांबण्याची वेळ तीन सेकंद किंवा जास्त झाली की मुलांची उत्तरं लांब झाली आणि न बोलणारी मुलंही बोलू लागली. तिचं हे काम १९७० च्या दशकातलं, प्राथमिक शाळेतल्या विज्ञानाच्या तासांवरचं आहे. बालवाडीतल्या मुलाला शब्द जुळवायला त्याहूनही वेळ लागतो, म्हणून तर्काच्या प्रश्नानंतर मनात सावकाश पाच आकडे मोजा. पहिल्या खेपेला हा वेळ फार मोठा वाटतो. प्रश्न बदलून पुन्हा विचारायचा मोह टाळा, कारण तुम्ही शब्द बदललेत की मूल नवा प्रश्न समजून पहिल्यापासून विचार करायला लागतं.

एका सुरातलं उत्तर हा दुसरा अडथळा. आठवणीच्या प्रश्नाला ते चालतं. तर्काच्या प्रश्नाला मात्र पहिलं मूल जे बोलेल तेच बाकीचे म्हणतात आणि कोणी विचार केला, कोणी नुसतं म्हटलं, हे कळत नाही. त्यासाठी प्रश्न विचारण्याआधीच सांगा, "आता कोणी बोलायचं नाही. उत्तर सापडलं की हात डोक्यावर ठेवायचा." पाच-सहा हात डोक्यावर गेले की शेजारच्या मुलाच्या कानात सांगायला लावा आणि मग दोघा-तिघांना मोठ्यानं विचारा. जे मूल नेहमी आधी बोलतं त्याला शेवटी विचारा.

उत्तर आलं की काय करायचं

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनाच्या पद्धतीत एक साधी सवय आहे. मुलाचं उत्तर घ्यायचं, त्यात एक-दोन शब्दांची भर घालून पूर्ण वाक्यात परत द्यायचं आणि मुलाला ते म्हणू द्यायचं. मूल म्हणालं, "आजी जाऊ नये." तुम्ही म्हणा, "हो, आजीनं गावाला जाऊ नये म्हणून तारानं चष्मा लपवला." मूल घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा हिंदी बोलत असेल तर उत्तर त्याच बोलीत येईल. आधी ते स्वीकारा आणि मग आपल्या वाक्यात परत द्या. तर्क तपासताना भाषा दुरुस्त करू नका. त्यानं मूल गप्प होतं आणि त्याचा तर्क तुम्हाला कधीच ऐकू येत नाही.

"शाब्बास, बरोबर" म्हणून लगेच पुढे गेलात तर बाकीच्या मुलांना वाटतं की विषय संपला. त्याऐवजी म्हणा, "असं असू शकतं. अजून कोणाला वेगळं वाटतंय?"

अडलं तर एकच पायरी खाली या

"का ठेवला असेल?" यावर शांतता पसरली, किंवा "कारण ठेवला" असं उत्तर आलं, तर उत्तर सांगून टाकू नका. पुन्हा पहिल्या पानावरही जाऊ नका. एकच पायरी खाली या. वर्गात ते साधारण असं होतं:

ताई: तारानं चष्मा खिशात का ठेवला असेल?
मुलगा: ...खेळायला.
ताई: खेळायला असेल का, बघू या. (पाचवं आणि सातवं पान दाखवत) तारा चष्म्याशी खेळते आहे का?
मुलगा: नाही. ती बसलीय.
ताई: आणि चष्मा नसला तर आजीला काय दिसत नाही?
मुलगा: एसटीची पाटी.
ताई: मग आजी गावाला जाऊ शकेल?
मुलगा: नाही!
ताई: मग तारानं चष्मा का ठेवला असेल?
मुलगा: आजी जाऊ नये म्हणून.

"खेळायला" हे उत्तर ताईंनी चूक म्हटलं नाही. ते चित्राशी पडताळून पाहिलं आणि चित्रानंच ते बाद केलं. पायरी खाली उतरूनही उत्तर आलं नाही तर दोन पर्याय द्या: "आजी लवकर जावी म्हणून, की आजी जाऊ नये म्हणून?" तरीही नाही, तर तुम्ही स्वतः मोठ्यानं विचार करून दाखवा: "मला वाटतं आजीनं राहावं असं ताराला वाटत होतं, कारण या चित्रात तिच्या डोळ्यांत पाणी आहे." आणि उद्या पुन्हा विचारा.

प्रश्नाची बांधणी

मराठीत "का" वाक्याच्या शेवटी आला की उत्तर हो किंवा नाही येतं आणि क्रियापदाच्या आधी आला की कारण सांगावं लागतं. "तारा रडली का?" आणि "तारा का रडली?" हे घाईत बोलताना सहज अदलाबदल होतात. हो-नाहीच्या प्रश्नाला लहान मुलं अनेकदा "हो" म्हणतात, ताईंना हवं तेच सांगायची त्यांना सवय असते. त्यामुळे "ताराला वाईट वाटलं का?" याचं "हो" काहीच सांगत नाही. तोच प्रश्न "ताराला कसं वाटलं?" असा करा. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून ठेवायचा हा दुसरा फायदा, तिथे ही चूक डोळ्यांना दिसते.

"असेल" हा शब्दही जपून ठेवा. "का लपवला?" विचारलं की मुलं पुस्तकातलं एकच बरोबर उत्तर शोधतात. "का लपवला असेल?" म्हटलं की त्यांना आपलं उत्तर द्यायची मुभा मिळते.

वय आणि दुसऱ्याचं मन

एक प्रश्न असा आहे जो तीन-साडेतीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांकडून अगदी वेगळी उत्तरं आणतो. चौथं पान दाखवून विचारा, "आजीला काय वाटतंय, चष्मा कुठे असेल?" लहान मूल म्हणेल, "ताराच्या खिशात." त्याला स्वतःला ते माहीत आहे, म्हणून आजीलाही माहीत असणार, असं ते धरून चालतं. मोठं मूल म्हणेल, "खिडकीत. तिनं तिथे ठेवला होता." १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी कपाटात ठेवलेलं चॉकलेट नायकाच्या नकळत दुसरीकडे हलवलं जातं अशी गोष्ट मुलांना सांगून नेमकं हेच तपासलं होतं. साधारण चार ते पाच वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं समोरच्याचा चुकीचा समज ओळखू लागतात, असं अशा प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे.

याचा उपयोग एवढाच की छोट्या गटातलं मूल "खिशात" म्हणालं तर त्याला चुकीचं ठरवू नका आणि तिथे अडून बसू नका. त्या वयाला खिडकी रिकामी झाली तेव्हा कोण जवळ होतं आणि ताराला कसं वाटतंय, एवढ्यापर्यंत चढलं तरी पुष्कळ झालं. मोठ्या गटाला मात्र आजीच्या मनातलं जरूर विचारा, आणि जमलं तर पुढचंही: "चष्मा ताराकडे होता हे आजीला कधी कळलं असेल?"

तात्पर्याचा प्रश्न लगेच नको

या गोष्टीवर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "चष्मा लपवणं चांगलं की वाईट?" तो विचारला की सगळी मुलं "वाईट" म्हणतात आणि ताराच्या मनात शिरायचं दार तिथेच बंद होतं. ती का वागली असेल हे शोधायची गरजच उरत नाही, कारण निकाल लागलेला असतो. ताराच्या वागण्याबद्दल बोलायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी असं विचारा: "आजी जाऊ नये असं वाटत होतं, तर तारा आणखी काय करू शकली असती?" याचं उत्तर द्यायला मुलाला आधी ताराची इच्छा समजलेली असावी लागते. म्हणजे हाही तर्काचाच प्रश्न झाला.

अशीच आणखी एक अडचण स्वतःच्या अनुभवांची. "माझी आजी पण गावाला जाते, तिच्याकडे म्हैस आहे," असं एकानं सुरू केलं की दहा मिनिटं आज्यांची होतात. हे मोडून काढू नका, पण परत वळवा: "तुझी आजी गेली की तुला कसं वाटतं? मग ताराला कसं वाटलं असेल?" स्वतःचा अनुभव गोष्टीला जोडला गेला तर तो पुरावाच आहे, नुसता बाजूला वाहत गेला तर वेळ जातो.

तीन दिवस, एकच पुस्तक

हे सगळं एका दिवसात होत नाही, आणि एका दिवसात करूही नये. पहिल्या दिवशी वाचन आणि पायऱ्या "चष्मा कुठे आहे?" इथपर्यंत. वाचायला पाच-सहा मिनिटं, प्रश्नांना आठ-दहा. त्यापुढे ताणलं तर उत्तरांमध्ये गोष्ट राहत नाही. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा वाचा, आठवणीचा एखादाच प्रश्न विचारा आणि वेळ "का लपवला असेल?" याला द्या. काय झालं ते आता मुलांना ठाऊक असतं, म्हणून त्यांचं लक्ष चित्रातल्या बारकाव्यांकडे जाऊ शकतं. तिसऱ्या दिवशी शेवटची मोकळी जागा घ्या. दहावं पान दाखवा आणि आठवणीचे प्रश्न न विचारता थेट विचारा, "आजी गेली की राहिली? कशावरून?" खुंटीवरच्या रिकाम्या पिशवीवर आणि लाडवांवर मुलं आपणहून बोट ठेवतात का, ते बघा. "राहिली, कारण पिशवी रिकामी आहे" एवढं आलं तरी मुलानं तुम्ही न दाखवलेला पुरावा स्वतः शोधला. "राहिली" एवढंच आलं आणि कशावरून हे सांगता आलं नाही, तर तो अंदाज होता. मग पुढच्या पुस्तकाला दोन चित्रं शेजारी ठेवून बघायच्या पायरीवर जास्त थांबा.

नोंद ठेवायची असेल तर बरोबर-चूक लिहू नका. मुलाच्या नावापुढे एवढंच लिहा: कुठल्या पायरीपर्यंत स्वतःहून आलं, आणि कुठे मदत लागली. महिन्याभरात चार पुस्तकं झाली की कोणतं मूल चित्रात अडतं, कोणतं शब्दांत अडतं आणि कोणतं फक्त गटापुढे बोलायला बुजतं, हे त्या नोंदीतून वेगवेगळं दिसायला लागतं. बुजणाऱ्या मुलाला हे प्रश्न खाऊच्या वेळी शेजारी बसून, पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवून विचारा.